बॅटरीची की हाताची? भाऊ, आधी टेप हातात घे

अमळनेर,
आखाजीनंतरचा चौथा दिवस

प्रिय मित्रा,

कसा शे भो? तुझ्या धाकट्याने फोनवर सगळं सांगितलं. टाके सुकले, गुजरातच्या दवाखान्यातून घरी आलास आणि आता गावात वर्गणी निघतेय, 'दादाला बॅटरीची खुर्ची घेऊ' म्हणून. तुझा शालक जळगावला एका दुकानात जाऊन किंमत काढून आलाही म्हणे. तेवढ्यावर थांबव त्याला. मी चौदा वर्षं चाकाच्या खुर्चीत बसतोय. पैसे देण्याआधी दोन-चार गोष्टी कानावर घालू दे.

ट्रॅक्टरवरून पडलास त्यात पाठीचा कणा गेला, पण कमरेच्या वर सगळं शाबूत आहे, हात धट्टेकट्टे आहेत. माझ्या मते पहिली खुर्ची हाताचीच घे, पण मापाची घे. बॅटरीची वाईट असते असं नाही. माझ्याकडे दोन्ही आहेत. पण तुझ्या घराचं गणित मांड. तुझ्या ओट्याला तीन पायऱ्या, प्रत्येक सहा इंचांची. म्हणजे दीड फूट चढ. स्वतः ढकलत चढता येईल असा उतार बांधायचा तर एक इंच उंचीला एक फूट लांबी लागते, म्हणजे अठरा फूट. समोरची गल्ली बारा फुटांची, त्यातून बैलगाड्या जातात. तिथे उतार मावणारच नाही. मग बॅटरीची खुर्ची उचलून वर घ्यायची म्हटली तर बॅटऱ्यांसकट साठ किलोच्या वर भरते. रोज चार माणसं कुठून आणशील? कापूस वेचणीत घरी म्हातारीशिवाय कोण असतं?

मात्र परसदाराला मला आठवतो तो एकच उंबरा आहे, पाच इंचांचा. तिथे पाच फुटांचा उतार सहज बसतो. गवंड्याला सांग, वर दाराशी खुर्ची सरळ उभी राहील एवढी सपाट जागा सोड. नाहीतर कडी काढायला हात सोडलास की खुर्ची मागे येईल.

हाताची खुर्ची घरातल्या घरात वळते. घडी करून रिक्षात, जीपच्या मागे जाते. बिघडली तर सायकलवाला दुरुस्त करतो. पण दुकानात जी सरसकट मिळते ती अठरा इंची सीटची, दवाखान्यात पेशंट ढकलायची खुर्ची असते. तू आता वाळला आहेस. कुल्ले साडेचौदा-पंधरा इंच भरतील. तुला सोळा इंची सीट हवी. दोन्ही बाजूंनी जेमतेम एक बोट शिरेल एवढीच जागा. सीट रुंद असली की हात बाहेर फाकवून चाक गाठावं लागतं आणि सगळा ताण खांद्यावर येतो, शिवाय अंग एका बाजूला कलतं. खोलीही बघ. पाठ टेकून बसलास की गुडघ्यामागे आणि सीटच्या कडेमध्ये दोन इंच मोकळे राहावेत.

त्याहून महत्त्वाचं मोठ्या चाकाचं. ते नेमकं कुठे आहे हे कोणी बघत नाही. खुर्चीत ताठ बसून हात खाली सोड. मधल्या बोटाचं टोक चाकाच्या मधोमध, आसापर्यंत पोचलं पाहिजे. चाकाला ढकलायला जी रिंग असते तिच्या सगळ्यात वरच्या जागी हात ठेवलास की कोपराचा कोन काटकोनापेक्षा थोडा उघडा असावा. दवाखान्याच्या खुर्चीत आस फार मागे असतो, म्हणून तुझं सगळं वजन पुढच्या छोट्या चाकांवर येतं. ती चाकं आपल्या काळ्या मातीत रुततात, आणि तू समजतोस की हातात जोर नाही. आस सरकवायला भोकं असलेली खुर्ची मिळाली तर ती घे. पण एका वेळी एकच भोक पुढे घे, मागे न उलटण्याची छोटी चाकं लावूनच, आणि पहिले चार दिवस मागे कोणीतरी उभा असू दे. आस जेवढा पुढे, तेवढी खुर्ची हलकी चालते आणि तेवढीच मागे उलटायला टपलेली असते.

मग बॅटरीची कधी? खांद्याने सांगितलं की. माझ्या उजव्या खांद्याने बारा वर्षांनी सांगितलं. आधी रात्री त्या कुशीवर झोपवेना, मग वरच्या फळीवरचा डबा काढताना कळ यायला लागली. आपला खांदा चालण्यासाठी केलेला नाही, भाऊ. पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर जाताना त्याचीच गरज पडते, आणि ते काम बॅटरी करत नाही. म्हणून आता घरात हाताची आणि बाजाराला, शेताच्या बांधापर्यंत बॅटरीची. तू आतापासून ढकलताना छोटे छोटे झटके मारू नकोस. लांब रेटा दे आणि हात रिंगच्या खालून सैल परत आण. ज्याचे हातच निकामी आहेत, किंवा ज्याला रोज दोन-तीन किलोमीटर जायचं आहे, त्याने पहिल्याच दिवशी बॅटरीची घ्यावी. त्यात कमीपणा कसला?

आता माझी फजिती ऐक. तिसऱ्या वर्षी पलंगावरून खुर्चीत सरकत होतो. दोन्ही ब्रेक लावलेले, दांड्या पुढे दाबलेल्या. तरी अंगाचं वजन पडताच खुर्ची सटकली आणि मी खाली. ब्रेक खराब झाला म्हणून मी त्या खुर्चीला महिनाभर शिव्या घातल्या. ब्रेकचं काहीच बिघडलं नव्हतं, टायरमध्ये हवा नव्हती. हा ब्रेक म्हणजे लोखंडाचा एक तुकडा, टायरवर दाबून बसणारा. टायर मऊ झाला की तो दाबला जातो कशावर? म्हणून ब्रेक ढिला वाटला की पाना शोधू नकोस, आधी हवा बघ. माझ्या टायरच्या कडेला 65 पीएसआय छापलंय. तुझ्या टायरवर जो आकडा असेल तेवढी भर. पंपाला मीटर नसेल तर अंगठ्याने जोर लावून दाब. जेमतेम दबला पाहिजे. दर रविवारी बघायचंच. हवा कमी असली की ढकलायला जड जातं ते वेगळंच.

हवा पुरी भरूनही चाक सरकत असेल, तर मग ब्रेकचे दोन बोल्ट एलन चावीने सैल करून तो चाकाकडे थोडा सरकव. तुकडा टायरमध्ये तीन-चार मिलिमीटर रुतला की पुरे. हे काम मऊ टायरवर केलंस तर हवा भरल्यावर दांडी लागणारच नाही, आणि जोर लावशील तर मोडेल. तपासायचं असं: दोन्ही ब्रेक लाव आणि धाकट्याला मागून ढकलायला सांग. खुर्ची जागेवर घसरली तरी चालेल, चाक फिरलं तर नाही. आणि हा ब्रेक फक्त थांबलेली खुर्ची धरून ठेवण्यासाठी आहे. उतारावर धावती खुर्ची त्याने थांबवायला गेलास तर तोंडावर पडशील. तिथे रिंगवर तळहात घासत थांबायचं.

पंक्चर तर होणारच. आपल्याकडे बाभळीचा काटा आणि सराटा कुठे नाही? लोक सांगतील भरीव रबरी टायर टाक. पंक्चरची कटकट जाते, खरं. पण ते जड असतात, प्रत्येक दगड पाठीला कळतो, आणि झिजले की त्यांच्यावरही ब्रेक नीट बसत नाही. मी हवेचेच ठेवलेत. आसाच्या मधलं बटण दाबून चाक निघतं, पोराच्या हाती सायकलवाल्याकडे पाठवायचं. परत बसवताना 'टक' आवाज येईपर्यंत आत सार आणि मग बाहेर ओढून बघ. न ओढता बसू नकोस. पुढच्या छोट्या चाकांत केस आणि सरकीचा कापूस गुंडाळला जातो. तुझ्या घरी तर जास्तच. चाक थरथरायला लागलं किंवा खुर्ची एका बाजूला ओढायला लागली की ब्लेडने तो दोरा काप.

आणि आत्ता वैशाख आहे म्हणून सांगतो. खुर्ची उन्हात ठेवलीस तर रिंग हात पोळते, हे कळतं तरी. पण तापलेल्या गादीवर बसलास तर खालचं पोळलेलं तुला कळणार नाही. सावलीत ठेव, बसण्याआधी हाताने चाचप.

बॅटरीच्या खुर्चीचं थोडं सांगतो, पुढेमागे घेशीलच. सीटखाली बाराच्या दोन बॅटऱ्या जोडून चोवीस व्होल्ट होतात. शिशाच्या असतील तर रोज रात्री पूर्ण चार्ज, अर्ध्या वापरल्या असल्या तरी. रिकाम्या पडल्या की आतल्या प्लेटांवर खडे धरतात आणि ते निघत नाहीत. मी एकदा बहिणीकडे सुरतेला महिनाभर राहिलो, बॅटरीचे दोनच दिवे उरले असताना खुर्ची इथे सोडून. आल्यावर चार्जर अर्ध्या तासात हिरवा. मला वाटलं, वा! आणि दोन किलोमीटरवर लाल दिवा. लवकर हिरवं होणं म्हणजे बॅटरीत जागाच उरली नाही. रात्रभर विसावल्यावर मीटर लावला तर एक 12.7 दाखवी, दुसरी 12.1. दुकानदार म्हणाला, खराब तेवढी बदला. तेवढीच बदलली आणि चार महिन्यांत नवीही गेली. जुनी आधी रिकामी होते आणि नवीला कधी पूर्ण भरू देत नाही. दोन्ही एकदम बदलायच्या, एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या. मोटारची बॅटरी स्वस्त पडते म्हणून टाकू नकोस. ती स्टार्टरला एक झटका देण्यासाठी असते, तासन्‌तास चालण्यासाठी नाही.

लिथियमचं वेगळं. तिला रोज काठोकाठ भरायची गरज नाही, आणि महिनाभर ठेवायची तर अर्धी भरून ठेव. पण दुपारच्या उन्हातून आल्या आल्या चार्जर लावू नकोस. थंड होऊ दे. शिशाचीही उन्हाळ्यात आयुष्य संपवून बसते, म्हणून मी रात्री ओसरीवर, वाऱ्याला चार्ज करतो. माझ्या खुर्चीच्या कागदावर अठरा किलोमीटर लिहिलंय. ते सपाट फरशीवरचं, नव्या बॅटरीचं. मी नऊ धरतो आणि चार झाले की परत फिरतो.

एक शेवटचं. बॅटरीच्या खुर्चीत चालवायची दांडी सोडली की ब्रेक आपोआप लागतो. पण ढकलण्यासाठी चाकाजवळ एक खटका असतो, तो ओढला की खुर्चीला ब्रेकच उरत नाही. पोरं खेळताना तो खटका ओढतात. उतारावर बसण्याआधी हात लावून बघायचा. पावसात दांडीवर प्लास्टिकची पिशवी बांध, आणि धुवायला पाइप लावू नकोस.

आता असं कर. लाकडी बाकावर बस, वहिनींना टेप धरू दे. कुल्ल्यांची रुंदी, पाठीपासून गुडघ्यामागपर्यंत, गुडघ्यापासून टाचेपर्यंत, आणि परसदाराची रुंदी ही चार मापं इंचांत लिहून पाठव. दार अठ्ठावीस इंचांहून कमी भरलं तर तसंही कळव, मग खुर्चीची बाहेरून रुंदी आधी बघावी लागेल. शालकाला म्हणावं, बयाणा देऊ नको. पुढच्या बुधवारी मी येतो, रिक्षावाल्याशी बोललोय. माझी खुर्ची घेऊनच येईन, तू तिच्यात बसून बघ. वहिनींना कळण्याची भाकरी आणि भरीत करायला सांग, मिरची जपून.

तुझाच,
शाळेतल्या शेवटच्या बाकावरचा