ताईंना मेसेज गेला

मालवण

प्रिय बंड्या,

इतके दिवस पत्र नाही म्हणून शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. घरी सगळे बरे, आईचा गुडघा तसाच.

बीएस्सीचं शेवटचं वर्ष चालू आहे आणि पुढचं ठरत नाहीये. बाबा म्हणतात, झूऑलॉजीत एमएस्सी कर, मग बीएड. मला गोव्याला सागरी विज्ञान करावंसं वाटतं. तू म्हणशील, ‘माशांवर एवढा जीव तर एमएफएस्सी कर.’ अरे, त्याला बहुतेक ठिकाणी आधी बीएफएस्सीच लागते, शिरगावच्या कॉलेजात देतात ती. ती वाट बारावीनंतरच संपली.

बाबांनी ओळखीच्या एका साहेबांकडे न्यायचं ठरवलं होतं. पण साहेब शिकले त्याला तीस वर्षं झाली. आजची प्रवेश परीक्षा त्यांना काय ठाऊक? मला दोन-तीन वर्षांपूर्वीच बाहेर पडलेलं कुणीतरी हवं होतं. मग शोधगंगा या पीएचडी प्रबंधांच्या साइटवर समुद्री जिवांवरचे प्रबंध उघडले आणि नुसती आभाराची पानं वाचत बसलो. (हसू नकोस. तू पेपरात आधी राशिभविष्य वाचतोस.) त्या पानावर मार्गदर्शकांच्या खाली बोटीवर, प्रयोगशाळेत हात लावणाऱ्या ज्युनिअरांची नावं असतात. त्यातलं एक नाव आपल्याच कॉलेजच्या एका ताईंचं निघालं. आमच्या मॅडमनी ताईंना आधी विचारलं आणि मगच मला नंबर दिला.

‘मार्गदर्शन करा’ असं लिहिलं तर समोरच्याने उत्तर कुठून सुरू करायचं? म्हणून असं लिहिलं:

‘नमस्कार ताई. मी आपल्याच कॉलेजात टीवायला आहे, विषय झूऑलॉजी. नंबर मॅडमनी आपल्याला विचारून दिला. गोव्याचा अभ्यासक्रम वाचला. एक अडलं: सीएसआयआर नेटमध्ये महासागर पृथ्वीविज्ञानाच्या पेपरात येतो, पण माझा पाया लाइफ सायन्सेसचा. आपल्या बॅचमधल्या जीवशास्त्रवाल्यांनी कुठला पेपर दिला, आणि दुसऱ्या पेपरासाठी वेगळं किती वाचावं लागलं? सवडीने दहा मिनिटं बोलता येईल का? जमणार नसेल तरी हरकत नाही.’

हे पुस्तिकेत सापडत नाही. तिथून गेलेल्यालाच माहीत. सोबत मार्कशीट, बायोडेटा काही जोडलं नाही. आठवडाभर उत्तर आलं नाही, तेव्हा एकदाच आठवण केली. तू असतास तर रोज ‘गुड मॉर्निंग’चं फूल पाठवलं असतंस; कॅरमच्या स्ट्रायकरसाठी माझ्या मागे लागला होतास, तसा.

तुझी पुण्याची नोकरी कशी? खोली बदललीस म्हणे. जेवणाचं बघ.

तर काल ताईंचं उत्तर आलं: रविवारी अकरानंतर फोन कर. नेटचा प्रश्न आहेच, पण वसतिगृह धरून वर्षाचा खर्च किती येतो, हेही विचारायचंय. पहिल्याच फोनवर पैशाचं काढलेलं बरं दिसेल का? की तो प्रश्न पुढच्या वेळी, त्यांनी सांगितलेलं वाचून काय केलं ते कळवताना? शनिवारच्या आत फोन कर, आणि बाबांनी उचलला तर बीएडबद्दल तोंड उघडू नकोस.

तुझा,
बाबल्या