नवजात शिशू विभाग सोमवारपासून सुरू. मातृदुग्ध पेढीसाठी मातांना आवाहन

आपल्या रुग्णालयाचा वीस खाटांचा नवा नवजात शिशू विभाग येत्या सोमवारी सकाळी दहा वाजता रुग्णांसाठी खुला होत आहे. मुख्य इमारतीच्या मागच्या बाजूला, पहिल्या मजल्यावर हा विभाग आहे. अपुऱ्या दिवसांची आणि जन्मतः दीड किलोपेक्षा कमी वजनाची बाळं इथे दाखल होतील. विभागातली मातृदुग्ध पेढी, म्हणजेच मिल्क बँक, त्याच दिवशी सुरू होईल. खाटा, यंत्रं, कर्मचारी यांची तजवीज झाली आहे. उणीव आहे ती दुधाची. ज्या मातांना स्वतःच्या बाळाचं पोट भरूनही दूध उरतं, त्यांनी ते पेढीला द्यावं, अशी रुग्णालय समितीची कळकळीची विनंती आहे.

दूध किती लागतं, हे एका उदाहरणावरून कळेल. बाराशे ग्रॅम वजनाच्या बाळाला सुरुवातीला दिवसाला साधारण २४ मिलिलिटर दूध दिलं जातं, म्हणजे दर दोन तासांनी फक्त २ मिलिलिटर. इतक्या लवकर जन्मलेल्या बाळाला ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ जमत नाही, म्हणून हे दूध बारीक नळीतून थेट पोटात जातं. बाकीची गरज सलाईनमधून भागवली जाते आणि दूध पचेल तसं रोज थोडं वाढवलं जातं. एखाद्या मातेने एकदा १०० मिलिलिटर दूध दिलं, तर अशा चार बाळांचा सुरुवातीचा एक दिवस निभावतो.

मग त्या बाळांच्या आईचं दूध का नाही? ते मिळालं तर तेच पहिलं, याबद्दल दुमत नाही. पण दिवस भरण्याआधी बाळंत झालेल्या, ऑपरेशन झालेल्या किंवा रक्तदाब वाढलेल्या आईला दूध उतरायला अनेकदा काही दिवस लागतात. तेवढ्या काळात पावडरचं दूध दिलं, तर नाजूक आतड्याला गंभीर सूज येण्याचा धोका वाढतो. पोट फुगतं, दूध पचत नाही, शौचातून रक्त जातं. कधी आतड्याचा भाग काढावा लागतो, कधी बाळ हाती लागत नाही. दुसऱ्या मातेच्या दुधाने हा धोका नाहीसा होत नाही, पण कमी होतो. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली.

‘दूध बाहेर दिलं तर आपल्या बाळाला कमी पडेल’ ही घरच्यांची भीती आम्ही नेहमी ऐकतो. ती समजण्यासारखी आहे. पण स्तन जितके रिकामे होतात, तितकं दूध पुन्हा तयार होतं. तरीही आम्ही आधी तुमच्या बाळाचं वजन पाहू. ते नीट वाढत नसेल, तर दूध घेणार नाही.

देणाऱ्या मातेची एचआयव्ही, हिपॅटायटीस बी आणि सिफिलिस यांसाठी रक्ततपासणी होईल. ती मोफत आणि गोपनीय असेल. तंबाखू किंवा दारूचं सेवन असेल, स्तनाला संसर्ग झाला असेल किंवा काही विशिष्ट औषधं चालू असतील, तर दूध घेता येत नाही. त्यामुळे चालू असलेली सगळी औषधं सांगा. नकार मिळाला तर मन खट्टू करू नका. बहुतेक वेळा तुमच्या बाळाला तुमचं दूध चालतं, फक्त आजारी बाळांसाठीची अट कडक असते. ज्या मातांचं बाळ गेलं आहे आणि तरी दूध येतं आहे, त्यांनाही इच्छा असेल तर देता येईल. त्यांच्याशी बोलायला वेगळी खोली आणि अनुभवी परिचारिका असेल.

जमा झालेलं दूध ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवून लगेच थंड केलं जातं. नंतर त्याचा नमुना प्रयोगशाळेत जातो. त्यात जंतू वाढले, तर तो संपूर्ण साठा टाकून दिला जातो. निर्दोष दूध उणे २० अंशांवर गोठवून ठेवतात. तापवण्यात काही रोगप्रतिकारक घटक कमी होतात, म्हणूनच आईला दूध येऊ लागलं की पेढीचं दूध थांबवायचं, असा आमचा नियम राहील.

दुधाचे पैसे कुणालाही दिले जाणार नाहीत आणि बाळाच्या कुटुंबाकडून घेतलेही जाणार नाहीत. उद्घाटनाला हार-तुरे आणू नयेत.

पहिल्या भेटीत बाळाला सोबत आणा, शिवाय बाळंतपणाची कागदपत्रं आणि चालू औषधांची चिठ्ठी घ्या. दूध पेढीतच, बंद खोलीत, स्वच्छ पंपाने किंवा हाताने काढलं जाईल. घरून काढून आणलेलं दूध सध्या स्वीकारणार नाही. पेढी रोज सकाळी दहा ते संध्याकाळी पाच उघडी राहील. पहिल्या मजल्यावर आल्यावर नोंदणी खिडकीवर ‘दूध द्यायचं आहे’ एवढं सांगा, परिचारिका तुम्हाला आत घेऊन जाईल.

— रुग्णालय समिती