तक्रार पत्र : शॉक बदलला, पण तुटलेली कॉइल स्प्रिंग गाडीत तशीच ठेवली

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : पुढच्या डाव्या चाकाच्या चुकीच्या निदानाबाबत आणि अपुऱ्या दुरुस्तीबाबत.

महोदय,

माझी पेट्रोल हॅचबॅक आपल्या वर्कशॉपमध्ये दिली तेव्हा जॉबकार्डवर दोन तक्रारी लिहून घेतल्या होत्या : ‘गाडी पुढून डावीकडे बसते’ आणि ‘खड्ड्यातून गेल्यावर उडत राहते’. आपल्या लोकांनी डाव्या बाजूचा पुढचा शॉक अॅब्सॉर्बर गळत असल्याचे सांगून तो बदलला, व्हील अलाइनमेंट केली आणि काम पूर्ण झाल्याचे लिहून गाडी परत दिली. उडणे कमी झाले आहे. गाडी मात्र पूर्वीइतकीच डावीकडे झुकलेली आहे.

गाडी सपाट फरशीवर, रिकामी, चारही टायरांत ठरलेली हवा भरून उभी केली आणि चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंत अंतर मोजले. पुढे उजवीकडे ३८५ मिलिमीटर भरते, डावीकडे ३६१. मागच्या दोन चाकांत फरक फक्त ४ मिलिमीटरचा आहे. म्हणजे दोष पुढच्या डाव्या कोपऱ्यातच आहे, आणि शॉक बदलूनही तो हललेला नाही.

तो हलणार नव्हताच. गाडीचे वजन स्प्रिंग पेलते. शॉकचे काम स्प्रिंगची हालचाल आवरण्याचे. शॉकमधले तेल गळून गेले तर गाडी खाली-वर होत राहते, पण उभी असताना एका बाजूला २४ मिलिमीटर बसत नाही. गॅस भरलेल्या शॉकचा वर ढकलणारा जोरही गाडीच्या वजनापुढे अगदी थोडा असतो. उलट, स्प्रिंगचा टोकाचा वेढा तुटला की तिची उंची घटते आणि तो कोपरा खाली येतो. त्याने गाडी उडत नाही. वेढे कमी झालेली स्प्रिंग झालीच तर थोडी कडक होते. त्यामुळे झुकणे आणि उडणे या दोन तक्रारींना दोन कारणे होती. आपण एकच शोधले आणि दोन्ही तक्रारी मिटल्याचे लिहिले.

स्टीअरिंग पूर्ण वळवून, टॉर्च लावून स्प्रिंगची खालची बैठक पाहिली. उजव्या स्प्रिंगचे टोक सरळ कापलेले आहे आणि बैठकीतल्या खाचेला टेकते. डाव्या स्प्रिंगचे टोक खाचेच्या बरेच अलीकडे संपते. तिथली कड वेडीवाकडी आणि गंजलेली आहे. स्प्रिंग बहुधा इथेच तुटते : बैठकीत चिखल-पाणी साचते, रंगाचा थर खरवडला जातो, गंजाचा खड्डा पडतो आणि त्यातूनच भेग सुरू होते. जागेवर स्टीअरिंग फिरवताना डावीकडून येणारा ‘टक’ आवाजही याच्याशी जुळतो.

माझा मुख्य आक्षेप यापुढचा आहे. या गाडीत शॉक आणि स्प्रिंग एकाच स्ट्रटमध्ये आहेत. शॉक बदलायचा तर स्ट्रट खाली काढून, स्प्रिंग कॉम्प्रेसरने दाबून, वरचा नट सोडून स्प्रिंग बाहेर काढावीच लागते. तुटलेली स्प्रिंग आपल्या मेकॅनिकच्या हातात आली होती. गाडी बसत असल्याची नोंद कामाआधीच जॉबकार्डवर होती, त्यामुळे स्प्रिंग नंतर तुटली असे म्हणायलाही जागा नाही. तरीही तीच स्प्रिंग नव्या शॉकवर बसवून दिली. हे धोक्याचे आहे. तुटके टोक बैठकीवरून सरकले तर टायरची आतली भिंत कापू शकते, म्हणून गाडी मी हायवेवर नेत नाही.

आता पुढचे काम असे हवे. दोन्ही पुढच्या स्प्रिंग जोडीने बदलाव्यात. एकच नवी टाकली तर उंचीतला फरक पूर्ण जाईलच असे नाही. उजवा शॉकही स्ट्रट खाली आल्यावर तपासावा. त्यावर तेलाचा नुसता ओलसर थर असेल तर ते चालते, पण ओघळ बैठकीपर्यंत आला असेल तर तोही बदलावा. वरचे माउंट, बेअरिंग आणि बम्प स्टॉप त्याच वेळी पाहावेत. लोअर आर्मचे बुशाचे बोल्ट सैल केले तर ते गाडी चाकांवर उभी असताना आवळावेत, नाहीतर बुश पिळलेला राहून लवकर फाटतो. उंची बदलली की कॅम्बर आणि टो बदलतात, त्यामुळे अलाइनमेंट पुन्हा करावी लागेल. झुकलेल्या गाडीवर केलेली अलाइनमेंट वाया गेली आहे.

नव्या स्प्रिंगची किंमत मी देईन. डाव्या बाजूची पुन्हा उघडण्याची मजुरी आणि दुसऱ्या अलाइनमेंटचा खर्च आपण सोसावा. जुन्या स्प्रिंग मला परत द्याव्यात आणि कामानंतर चारही चाकांची उंची जॉबकार्डवर लिहावी.

लेखी उत्तर १५ दिवसांत मिळावे. न मिळाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करेन.

सोबत : बिल व जॉबकार्डाची प्रत, दोन्ही स्प्रिंगच्या टोकांचे फोटो, मोजमापाचे फोटो.

आपला ग्राहक