अप्पांच्या कीबोर्डबद्दल

जळगाव

प्रिय संजू,

अप्पांसाठी मोठ्या बटणांचा कीबोर्ड मागवू का, असं तू विचारलं होतंस. आत्ता नको मागवूस. मी रविवारी चोपड्याला जाऊन आलो, त्यांच्याजवळ बसून नीट बघितलं. अडचण बटणांच्या आकाराची नाहीच.

अप्पा अहिराणी म्हणींची वही इन्स्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्ड-मांडणीत टाइप करताहेत. मी म्हटलं, ‘धुळे’ लिहा. या एका शब्दात दोनदा शिफ्ट लागतं, शिफ्ट आणि O दाबलं की ध, शिफ्ट आणि N दाबलं की ळ. डावी करंगळी शिफ्टवर धरून उजव्या हाताने O शोधायचा, आणि नेमकं बोट धरून ठेवायला गेलं की त्यांची थरथर वाढते. करंगळी निसटली की ‘ध’चा ‘द’ होतो. उजवं बोट थरथरून तेच बटण पुन्हा दाबतं, मग ‘ददुलले’ असं काहीतरी उमटतं. “मना हात मनं ऐकत नही,” म्हणाले. मला फार वाईट वाटलं रे.

म्हणजे दुखणी दोन आहेत आणि उपायही वेगवेगळे. दोन्ही विंडोजमध्येच आहेत, Settings मध्ये Accessibility, त्यात Keyboard.

पहिला उपाय स्टिकी कीज. शिफ्ट एकदा दाबून सोडून द्यायचं, ते पुढच्या अक्षरापर्यंत लागू राहतं. कंट्रोल, ऑल्ट आणि विंडोजचं बटणही तसंच. आता अप्पा शिफ्ट दाबतात, हात उचलतात, दम घेतात आणि मग O दाबतात. ‘ध’ बरोबर येतो. सेव्ह करायला आधी कंट्रोल, मग S. घाई कसलीच नाही.

पण नुसतं चालू करून सोडलं असतं तर दुपारपर्यंत ते आपोआप बंद पडलं असतं. आत एक पर्याय आधीच चालू असतो: Turn off Sticky keys when two keys are pressed at the same time. धडधाकट माणसाने चुकून सुरू केलं तर सहज बंद व्हावं, म्हणून तो ठेवलाय. अप्पांची करंगळी शिफ्टवरून पूर्ण उठायच्या आत दुसरं बटण दाबलं गेलं की सगळं बंद, आणि त्यांना कळतही नाही का ते. तो मी काढला. शिफ्ट दोनदा दाबलं की ते अडकून बसतं, तो Lock चा पर्यायही काढला, कारण थरथरत्या बोटाने एकदाचं दोनदा सहज होतं. शिफ्ट पाचदा दाबून स्टिकी कीज चालू-बंद करायचा शॉर्टकट असतो, तोही बंद केला. टास्कबारवरचं चिन्ह मात्र ठेवलंय. तू फोनवर “चिन्ह दिसतंय का?” एवढं विचारलंस तरी चालू आहे की नाही ते कळेल.

दुसरा उपाय फिल्टर कीज. त्यात स्लो कीज आणि बाउन्स कीज असे दोन प्रकार आहेत, आणि दोन्ही एकत्र चालत नाहीत. निवडायचं कसं, तर नोटपॅडवर थोडं लिहायला लावायचं. शेजारच्या बटणांना ओझरतं बोट लागून भलतीच अक्षरं येत असतील तर स्लो कीज, त्यात बटण थोडा वेळ दाबून धरल्याशिवाय अक्षर उमटतच नाही. तेच अक्षर दोन-तीनदा येत असेल तर बाउन्स कीज, त्यात त्याच बटणाचा लगेचचा दुसरा दाब सोडून दिला जातो. अप्पांचं हे दुसरं. शिवाय धरून ठेवणं हेच ज्यांना जड जातं त्यांना स्लो कीज देऊन काय उपयोग? बाउन्सची वेळ मी सगळ्यात कमी म्हणजे 0.5 सेकंद ठेवली. हाताची थरथर साधारण सेकंदाला चार ते बारा वेळा होते, म्हणजे नको असलेला दाब पाव सेकंदाच्या आतच येतो. अर्धा सेकंद भरपूर झाला. त्याहून वाढवलं तर मुद्दाम दाबलेलंही जाईल.

इथे इन्स्क्रिप्टचा फार फायदा होतो बघ. ‘पक्का’ लिहिताना क, हलन्त, क असं टाइप होतं, तेच बटण लागोपाठ येतच नाही. त्यामुळे मराठी लिहिताना अप्पांना बाउन्स कीज फारशा जाणवत नाहीत, ‘गगन’सारख्या शब्दात तेवढं दोन ‘ग’ंमध्ये थांबावं लागतं. ‘आ’साठी aa टाइप करायच्या पद्धतीत मात्र दर वेळी थांबावं लागलं असतं. तू त्यांना तो कीबोर्ड लावून देणार होतास ना, तो बेत सोडून दे.

इंग्रजीत मात्र जपायला हवं. school भरभर लिहिलं तर schol उमटतं. दिवाळीत पोरं त्या कॉम्प्युटरवर बसली तर कीबोर्ड बिघडला म्हणतील, त्यांना आधीच सांगून ठेव. आणि बँकेच्या पासवर्डात एकच अक्षर लागोपाठ दोनदा असेल तर तो चुकतो, ठिपक्यांमुळे दिसतही नाही. तीन-चारदा चुकला की खातं अडकायचं. अप्पांचा पासवर्ड तूच ठेवला होतास, तेव्हा तसं लागोपाठ दोनदा आलेलं अक्षर त्यात आहे का ते आज बघ आणि असेल तर बदलून त्यांना फोन कर.

तुझा,
प्रमोद