संहिता कागदावर कशी मांडावी

प्रिय सुहास,

तुझी संहिता वाचली. मजकूर चांगला आहे, पण सलग परिच्छेदांत टाइप केलेली ती पानं घेऊन माइकसमोर बसू नकोस, एवढं आधी सांगतो. वाचणं एका दुपारचं काम आहे. सलग वाचलेलं नंतर कापत बसणं मात्र अनेक रात्रींचं होतं. घरी रेकॉर्डिंग करताना वाचणाराही तूच आणि नंतर हेडफोन लावून कापणाराही तूच. कागद या दोघांसाठी मांडायचा असतो.

आधी मजकुराचे तुकडे पाड. एका तुकड्यात दोन ते चार वाक्यं, म्हणजे वाचायला साधारण अर्धा मिनिट लागेल इतकंच. तुकडा कुठे तोडायचा हे डोळ्यांनी ठरवू नकोस. मोठ्याने वाच आणि आवाज जिथे आपसूक खाली येऊन टेकतो तिथे रेघ मार. परिच्छेद संपतो तिथेच तो टेकेल असं नाही. ‘कारण’ किंवा ‘म्हणून’ने सुरू होणारं वाक्य मागच्या वाक्याच्या सुरावर उभं असतं, त्याला शक्यतो आधीच्या तुकड्यातच ठेव. नाहीतर ते नव्या दमाने, वरच्या पट्टीत सुरू होतं आणि जोडल्यावर सांधा ऐकू येतो.

तुझ्या चंद्रकलांच्या भागातलाच परिच्छेद मी मांडून पाहिला:

२०
चंद्राला स्वतःचा उजेड नाही. /
त्याच्यावर पडलेला सूर्यप्रकाश
आपल्याकडे परत येतो, /
त्यालाच आपण चांदणं म्हणतो.
टेक: १ · २ · ३ · ४

३०
(मागची ओळ: …चांदणं म्हणतो.)
चंद्राचा अर्धा भाग नेहमीच उजळलेला असतो. /
पण तो पृथ्वीभोवती फिरत असल्यामुळे
त्या उजळ भागातला कधी थोडा, /
कधी सगळा भाग आपल्याला दिसतो.
टेक: १ · २ · ३ · ४

४०
(मागची ओळ: …आपल्याला दिसतो.)
एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत
साधारण साडेएकोणतीस दिवस जातात.
टेक: १ · २ · ३ · ४

आकडे दहादहाने वाढवलेत, कारण वाचताना हमखास एखादं वाक्य घालावंसं वाटतं. ते पंचवीस म्हणून मधे बसतं आणि पुढचे सगळे क्रमांक बदलावे लागत नाहीत. ओळी मी श्वासाप्रमाणे तोडल्यात. तिरकी रेघ म्हणजे छोटा थांबा. तू २९.५ लिहिलं होतंस, मी ‘साडेएकोणतीस’ केलं. आकडा दिसला की डोळे क्षणभर अडखळतात आणि ‘एकोणतीस पूर्णांक पाच’ म्हणायचं की दुसरं काही, हे ऐनवेळी ठरवावं लागतं. तो निर्णय कागदावर आधीच झालेला बरा. कंसातली मागची ओळ फिकट छाप. ती मनात वाचायची, म्हणजे सूर कुठे सोडला होता ते आठवतं.

आता तुकड्याची घोषणा, म्हणजे स्लेट. प्रत्येक टेकच्या आधी ‘तुकडा तीस, टेक एक’ एवढंच म्हण. सपाट, कोरड्या आवाजात, पण माइकपासूनचं अंतर न बदलता. मग ओठ मिटून मनात दोन आकडे मोज, नंतर श्वास घे आणि वाचायला लाग. हा क्रम महत्त्वाचा आहे. घोषणा संपताच वाचलंस तर दोन गोष्टी बिघडतात. घोषणेचा सूर पहिल्या शब्दात उतरतो आणि वाक्य फलकावरची सूचना वाचल्यासारखं लागतं. शिवाय घोषणा आणि श्वास एकमेकांना चिकटतात, मग कापायला जागाच उरत नाही. श्वास वाक्याचा असतो. तो अर्धा कापला गेला तर ऐकणाऱ्याला नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही, पण खटकतं.

शेवटालाही तसंच. शेवटच्या शब्दानंतर दोन आकडे हलायचं नाही. खुर्ची, पान, माउस, कशालाही हात लावू नकोस. आपली बरीचशी वाक्यं ‘आहे’, ‘जातात’, ‘दिसतो’ अशा क्रियापदांवर संपतात आणि तिथे आवाज विरत जातो. त्या विरण्यामागे खोलीचा हलका घुमारा असतो. त्यावर क्लिकचा आवाज पडला की तो टेक हातचा गेला.

वाचताना चुकलास तर वाक्याच्या मधून पुढे जोडून नेऊ नकोस. थांब, दोन आकडे मोज, ‘तुकडा तीस, टेक दोन’ म्हण आणि तुकडा पहिल्या शब्दापासून वाच. तुकडा लहान ठेवायचा तो यासाठीच: पुन्हा वाचायचा कंटाळा येत नाही आणि अर्ध्यातून जोडण्याचा मोह होत नाही. टेक चांगला वाटला की त्याच्या आकड्याला लगेच गोल कर. दोन जमले असतील तर दोघांना कर, निवड नंतर हेडफोनवर होईल. शक्यतो पेन्सिल वापर, खटका दाबायचं पेन नको.

हे पाळलंस की पडद्यावर तरंगांच्या आकृतीत ओळख पटते: छोटा उंचवटा म्हणजे घोषणा, मग सपाट पट्टी, मग लांब ठोकळा, पुन्हा सपाट पट्टी. न ऐकताही टेक मोजता येतात. कागदावरचा गोल बघायचा आणि थेट त्या ठोकळ्यावर जायचं. पहिले दोन-तीन तुकडे झाले की रेकॉर्डिंग थांबवून ही आकृती एकदा बघ. उंचवटा ठोकळ्याला चिकटलेला दिसला तर तू घाई करतोयस, असं समज. ऑडॅसिटी वापरणार असशील तर चांगल्या टेकवर `Ctrl+B` दाबून लेबल टाक आणि लेबलात तुकड्याचा क्रमांक लिही.

सगळ्यात आधी, पहिल्या घोषणेपूर्वी, खोलीची शांतता अर्धा मिनिट रेकॉर्ड कर. कागदावर तिलाही ‘तुकडा शून्य’ असा क्रमांक दे, म्हणजे ती विसरली जात नाही. दोन तुकड्यांमधला थांबा वाढवायचा झाला तर तिथे हीच शांतता घालायची. निव्वळ कोरी जागा घातलीस तर खोली मधेच गायब झाल्यासारखी वाटते. मधे पंखा किंवा खिडकी बदललीस तर ती शांतता पुन्हा घे.

पानांबद्दल थोडंच. अक्षर मोठं, ओळींत मोकळी जागा, मजकूर एकाच बाजूला. पिना काढून टाक आणि तुकडा कधीही दोन पानांत विभागू नकोस. पान पुढच्या घोषणेआधी सरकवायचं, तिथे होणारा आवाज कापलाच जाणार असतो.

एक अपवाद मात्र सांभाळ. शेवटच्या भागात आजी नातवाला ग्रहणाची गोष्ट सांगते, तो सगळा एकच तुकडा ठेव, दीड-दोन मिनिटांचा झाला तरी चालेल. तिथे भाव हळूहळू चढत जातो. तो तोडून वाचलास तर प्रत्येक तुकडा तितक्याच ताकदीचा येतो आणि चढण नाहीशी होते. त्याचे दोन-तीन पूर्ण टेक घे आणि एकच निवड.

आणि सगळं संपल्यावर पहिले चार-पाच तुकडे पुन्हा वाच, नव्या टेक क्रमांकांनी. सुरुवातीला गळा तापलेला नसतो. श्रोता नेमका त्याच वाक्यांवर ठरवतो की पुढे ऐकायचं की नाही. एका बैठकीत सगळं उरकत नसेल तर भाग संपेल तिथेच थांब. दुसऱ्या दिवशीचा आवाज वेगळा असतो आणि भागाच्या मधे तो बदल लपत नाही.

पहिल्या भागाची मांडणी झाली की रेकॉर्ड करण्याआधी मला पाठव. तुकडे कुठे तोडलेत ते मी मोठ्याने वाचून बघतो.

तुझा,
विनय