दारातला शिपाई वस्तू मोजतो, भाव नाही

संपादक महोदय,

कालच्या पुरवणीतला स्कॅन-अँड-गो खरेदीवरचा लेख वाचला. आपल्याच फोनने वस्तू स्कॅन करायच्या, फोनवरच पैसे भरायचे आणि रांगेत न थांबता बाहेर पडायचे, अशी ही सोय. फोटोतली मुलगी हसतहसत दुकानातून निघाली आहे आणि मागे रांगेतली माणसे तिच्याकडे हेव्याने बघताहेत. फोटो झकास आहे, फक्त तो दारापर्यंत पोहोचायच्या आधी काढलेला आहे. खरी गंमत दारात असते.

लेखिकेने मला जुन्या वळणाची म्हातारी समजू नये म्हणून सांगते, मी एका सहकारी ग्राहक भांडारात २६ वर्षे काउंटरवर काढली आहेत. बारकोड आले तेव्हा सगळ्यांच्या आधी मी शिकले. म्हणूनच गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या एका मोठ्या दुकानात (नाव घालत नाही, तुम्ही छापणार नाही) हा प्रकार मोठ्या हौसेने करून पाहिला.

आत शिरताना दारावरचा क्यूआर स्कॅन केला. शाखेशाखेत भाव वेगळे असतात, त्यामुळे आपण कुठल्या शाखेत आहोत हे ॲपला आधी कळावे लागते. मग उचललेल्या प्रत्येक वस्तूचा बारकोड फोनला दाखवायचा, किती नग ते टाकायचे. कांदे दुकानातल्या मुलाकडून तोलून घेतले. त्याने चिकटवलेल्या चिठ्ठीवरचा बारकोड २ ने सुरू होत होता. असे आकडे दुकान स्वतः बनवते, आणि त्यातच माल कोणता आणि वजन किती हे दडलेले असते. तेही बिनबोभाट वाचले गेले. यूपीआयने पैसे भरले. ‘किती सोपं गं’ असे शेजारणीला कळवूनही टाकले. घाई झाली.

दारातल्या शिपायाने माझ्या फोनवरचा क्यूआर त्याच्या फोनने वाचला. बिलावर ११ नग, ट्रॉलीत १२. “मावशी, एक वस्तू जास्त आहे.” तो हळू बोलला, पण मागे पाच-सहा जण होते आणि सगळ्यांना कान होते. घोळ साबणाचा होता. दोनवर एक मोफत, म्हणून मी दोन स्कॅन केले आणि तिसरा तसाच टाकला. पण मोफत वस्तूही स्कॅन करावीच लागते. तिसरा नग वाचल्यावरच संगणक त्याची किंमत वजा करतो. काउंटरवर आम्ही तिन्ही वड्या सहज फिरवायचो, गिऱ्हाइकाला त्याची खबरही नसे. इथे मीच गिऱ्हाईक आणि मीच कॅशियर, आणि ॲपने एका शब्दाने सुचवले नाही. पैसे भरून झाल्यावर बिलात नग वाढवता येत नाही, वेगळे बिल केले तर त्या एका वडीची पूर्ण किंमत पडते. शेवटी मोफतचा साबण मीच परत ठेवून आले.

तेही सोसले असते. पण घरी येऊन बिल वाचले (सवय जात नाही) तर चहाच्या अर्ध्या किलोच्या दोन पुड्या प्रत्येकी २९० रुपयांना लागलेल्या. पुड्यांवर छापील किंमत २६५. फळीच्या मागच्या रांगेतून मी जुना माल मुद्दाम शोधून घेतला होता, कारण पुढे नव्या भावाचा लावला होता. म्हणजे ५० रुपये जास्त गेले.

हे का होते ते लेखात यायला हवे होते. कंपनी भाव वाढवते तेव्हा पुडीवरची एमआरपी बदलते, बारकोड बहुतेक वेळा तोच राहतो. जुनी पुडी आणि नवी पुडी यंत्राला सारखीच दिसते. म्हणून काउंटरवर अशी वस्तू फिरवली की पडद्यावर चौकट उघडते: २६५ की २९०? कॅशियर पुडी उलटी करून छापील किंमत बघते आणि बरोबर ती निवडते. दोन सेकंदांचे काम, पण त्यासाठी माणसाची नजर लागते. नीट केलेल्या ॲपमध्येही ही चौकट उघडते. या ॲपने मात्र मला काहीच विचारले नाही, नवा भाव परस्पर धरला.

शिपायाने हे पकडले का नाही? कारण तो नग मोजतो. फार तर दोन-तीन वस्तू उचलून बिलात आहेत का तेवढे बघतो. माझ्याकडे दुकानाचा साबण जास्त गेला तर दारात लगेच कळते. दुकानाकडे माझे ५० रुपये जास्त गेले तर ते दारात कुणालाच कळत नाही. तपासणी कुणासाठी आहे, हे यावरून लेखिकेने ओळखावे.

दुसऱ्या दिवशी पुड्या घेऊन गेले. मदत कक्षापाशी सात माणसांची रांग! ज्या रांगेला तुमच्या लेखाने निरोप दिला होता ती तिथे भेटली. मुलीने ५० रुपये ॲपच्या पाकिटात ‘पॉइंट’ म्हणून देऊ केले. छापील किमतीपेक्षा जास्त घेणे हा वैधमापनाच्या कायद्याने गुन्हा आहे, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला इथूनच फोन लावते, म्हटल्यावर पैसे खात्यावर आले. चौकट का उघडत नाही, याचे उत्तर अजून आलेले नाही.

लेखात अमेरिकेचा दाखला मोठ्या झोकात दिला आहे, पण अर्धाच. वॉलमार्टने २०१८ च्या सुरुवातीला ही सोय आणखी दुकानांत नेण्याचे जाहीर केले आणि त्याच वर्षी मे महिन्यात गुंडाळली, कारण वापरणारे फार थोडे निघाले. त्याच कंपनीच्या सॅम्स क्लबमध्ये ती चालू राहिली. तिथे सभासदच येतात, मोठे खोके घेतात आणि बाहेर पडताना पावती दाखवण्याची त्यांना आधीपासून सवय असते. सुटा कांदा, दोनवर एक साबण आणि दोन भावांचा चहा घेणाऱ्या आमच्यासारख्यांचे गणित निराळे आहे.

ज्यांना हौस आहे त्यांनी जरूर करावे. फक्त ‘पे’ दाबण्यापूर्वी पडद्यावरची एमआरपी पुडीवरच्या छापील आकड्याशी ताडून बघावी. त्यानंतर फार उशीर झालेला असतो.

आणि जाता जाता, लेखिका म्हणते की सामान थेट आपल्याच पिशवीत भरत जायचे. कुठल्या दुकानात, बाई? आमच्या इथे पिशवी आत नेऊच देत नाहीत. बाहेर जमा करून बिल्ला घ्यायचा, खरेदी ट्रॉलीत करायची, दारात मोजून घ्यायची, मग बिल्ला दाखवून पिशवी सोडवायला पुन्हा उभे राहायचे. नाहीतर आतून त्यांचीच कापडी पिशवी विकत घ्यायची. तीही स्कॅन करावी लागते, विसरलात तर १२ वा नग.

— एक वाचक, डोंबिवली (पूर्व)
(नाव छापू नये.)