तक्रारीखाली येणारी खोटी मदत: माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय माहिती तंत्रज्ञान मंत्री

विषय: सार्वजनिक तक्रारींखाली येणारी बनावट ‘ग्राहक सेवा’ उत्तरे आणि त्यांबाबत सदस्य एकमेकांना देत असलेला इशारा

महोदय,

‘खात्यातून पैसे गेले, समोरच्याला मिळाले नाहीत, ग्राहक सेवेचा फोन लागत नाही.’ समाजमाध्यमावरील एखाद्या गटात कुणी असे दोन ओळींत लिहिले की काही मिनिटांतच खाली उत्तर येते: ‘आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व. कृपया आम्हाला खासगी संदेश पाठवा.’ बोधचिन्ह बँकेचे, भाषा बँकेची, पण उत्तर देणारा बँकेचा नसतो. आम्ही अशा गटांची देखरेख करतो. अशा तक्रारीखाली सदस्य जो चार ओळींचा इशारा लिहितात, तो आज सर्वांत लवकर पोहोचणारा बचाव आहे. तो टिकावा म्हणून हे पत्र.

हे उत्तर इतक्या लवकर येते, कारण कुणी बसून वाचत नसते. ‘पैसे अडकले’, ‘परतावा’, ‘ग्राहक सेवा’ असे शब्द सतत शोधणारा प्रोग्रॅम चालू असतो आणि ठरलेला मजकूर तोच चिकटवतो. त्यामुळे ओळखण्याची सर्वांत भरवशाची खूण नावात नसते, जुन्या उत्तरांत असते. खाते उघडून त्याने आधी काय लिहिले ते पाहावे. तेच वाक्य, तीच क्षमायाचना, वेगवेगळ्या संस्थांच्या ग्राहकांना एकाच दिवशी दिलेली दिसते. नावावर विसंबता येत नाही. `support_help` आणि `support_heIp` यांत दुसऱ्या नावात छोट्या एलच्या जागी मोठा आय आहे, हे फोनच्या पडद्यावर बहुतेकांना दिसणार नाही.

पुढे काय घडते ते सविस्तर सांगतो, कारण इशाऱ्यातली प्रत्येक ओळ त्यावरच बेतलेली असते. खासगी संदेशात नाव आणि फोन नंबर मागतात. लगेच फोन येतो. ‘तक्रार नोंदवण्यासाठी’ म्हणून एक ॲप टाकायला सांगतात. ते स्क्रीन शेअर करण्याचे ॲप असते आणि त्यावर दिसणारा आकडा वाचून दाखवला की समोरच्याला आपला पडदा दिसू लागतो. मग बँकेचे ॲप उघडायला सांगतात. इथला डाव साधा आहे. ‘तुमचा तक्रार क्रमांक 48215. तो या चौकटीत भरा आणि पिन टाकून खात्री करा.’ ती चौकट रकमेची असते. माणूस क्रमांक भरतो आहे असे समजून 48,215 पाठवून मोकळा होतो. पैसे मिळवण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, एवढे त्या क्षणी आठवले तर डाव तिथेच मोडतो. पण आधीच हवालदिल झालेल्या माणसाला फोनवर घाई केली जात असताना ते आठवत नाही. म्हणून ते त्याला फोन येण्याआधी वाचायला मिळाले पाहिजे.

आता इशाऱ्याबद्दल. तो चुकीच्या जागी लिहिला तर वाया जातो. अनेक जण रागाने ठगाच्या उत्तराखालीच ‘हा फसवा आहे’ असे लिहितात. त्याने ठगाच्या उत्तराला प्रतिसाद वाढतो आणि ते वर सरकू शकते. ठग इशारा देणाऱ्याला ब्लॉक करतो. पुष्कळ ठिकाणी मूळ उत्तर काढले की त्याखालचा इशाराही दिसेनासा होतो, आणि ठग मात्र नव्या नावाने परत येतो. इशारा थेट तक्रारदारालाच उद्देशून, त्याच्या मूळ मजकुराखाली लिहावा, म्हणजे सूचना त्याच्या फोनवर जाते. ठगाचा पूर्ण नंबर किंवा चालू लिंक त्यात देऊ नये. घाईत कुणी तीच दाबतो, आणि स्पॅम चाळणीही त्या लिंकमुळे इशाराच अडवते. लिंक दाखवायचीच असेल तर `https` च्या जागी `hxxps` लिहून ती मोडावी.

आम्ही सदस्यांना सुचवतो तो मजकूर असा:

‘थांबा. वर आलेले मदतीचे उत्तर बँकेचे नाही, त्या खात्याची जुनी उत्तरे पाहा. खासगी संदेशात नंबर देऊ नका, सांगितलेले ॲप टाकू नका, पैसे परत मिळवण्यासाठी पिन किंवा ओटीपी लागत नाही. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे किंवा बँकेच्या ॲपमध्ये आहे, तोच लावा. ॲप टाकले असेल तर आधी फोनचे इंटरनेट बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा.’

यात एकही नंबर नाही, हे मुद्दाम आहे. ठगांनी आता इशाऱ्याचीही नक्कल सुरू केली आहे: ‘सावध राहा, इथे बनावट लोक फिरत आहेत, खरी मदत फक्त या नंबरवर.’ त्यापाठोपाठ दुसरी जोडी येते. एक खाते सांगते की अमुक तज्ज्ञाने माझे बुडालेले पैसे परत मिळवून दिले, दुसरे कौतुकाने पत्ता विचारते. तो तज्ज्ञ आधी शुल्क मागतो आणि एकदा लुटलेल्याला पुन्हा लुटतो. म्हणून आमचा नियम कडक आहे: ज्या इशाऱ्यात संपर्क दिला आहे, तो इशारा समजायचा नाही. खरा इशारा नंबर कुठे सापडेल ते सांगतो, नंबर स्वतः देत नाही.

महोदय, सदस्यांचे हे काम सर्वांत जास्त अवघड कुणी केले असेल तर खऱ्या संस्थांनीच. त्यांचे कर्मचारीही उघड तक्रारीखाली ‘आपला मोबाइल नंबर खासगी संदेशात पाठवा’ असेच लिहितात. खरे आणि खोटे उत्तर शब्दशः सारखे असेल, तर आम्ही लोकांना कोणता फरक शिकवायचा? आमची पहिली आणि मुख्य मागणी हीच आहे. बँका, पैसे पाठवण्याच्या सेवा आणि प्रवास कंपन्या यांना असे लिहिण्यास मनाई करावी. त्यांनी उत्तर एवढेच द्यावे: ‘आमच्या ॲपमधील मदत विभागात तक्रार नोंदवा.’ ग्राहक स्वतः ॲप उघडेल आणि संस्थेचा माणूस तिथेच बोलेल. ही पद्धत ठगाला उचलता येत नाही, कारण ग्राहकाला खऱ्या ॲपमध्ये पाठवले तर त्याच्या हाती काहीच लागत नाही.

दुसरी मागणी समाजमाध्यम कंपन्यांबाबत आहे. तोतयाची तक्रार करायला गेले की ‘ज्याची नक्कल झाली ते तुम्हीच आहात का?’ असे अनेकदा विचारले जाते आणि ‘नाही’ म्हटले की वाट बंद होते. बनावट ग्राहक सेवेची तक्रार कुणालाही करता यावी. एकच मजकूर अनेक अनोळखी लोकांना चिकटवणाऱ्या नव्या खात्याची उत्तरे माणसाने तपासेपर्यंत रोखून धरावीत. याने सगळे ठग अडणार नाहीत, जुनी खाती बळकावून लिहिणारे त्यातून सुटतील. पण पहिल्या काही मिनिटांतला यांत्रिक मारा बराच कमी होईल, आणि तक्रारदाराला ठगाच्या आधी इशारा वाचायला मिळेल.

संस्थांना मनाईचा आदेश कधी निघेल, हे आपण जाहीरपणे कळवावे, ही विनंती.

आपले,
समाजमाध्यमांवरील गटांची देखरेख करणारे स्वयंसेवक